पक्की मिसरीच्या आधी

उल्हासनगरच्या एका सिंधी धर्मशाळेचा हॉल. मे महिन्यातला रविवार, सकाळचे साडेदहा. मागच्या बाजूला दाल-पकवानाच्या प्लेटा अजून फिरत होत्या, पंखे फुल स्पीडवर होते आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दोनेकशे माणसं बसली होती. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन. त्याच्या आसपास असे कार्यक्रम होतात, लोक येतात, हार-तुरे होतात, आणि बहुतेक वेळा भाषण संपायच्या आतच मागच्या रांगा रिकाम्या होतात. या वेळी तसं झालं नाही, कारण रक्तविकारांच्या डॉक्टर बाईंनी माइक हातात घेतल्यावर आधी दोन स्टीलच्या वाट्या मागवल्या आणि पर्समधून जीन्सची चार बटणं काढली. दोन पितळी, दोन काळी.

उल्हासनगरात जीन्सचं बटण कुणाला ओळखायला लागत नाही. अर्ध्या गावाचं पोट त्यावर चालतं.

प्रत्येक वाटीत त्यांनी एक पितळी आणि एक काळं बटण टाकलं. "ही वाटी आई, ही वाटी बाबा," त्या म्हणाल्या. त्यांचं बोलणं हिंदीत होतं, मध्येच सिंधीत वळत होतं. पुढच्या रांगेतल्या एका काकूंना त्यांनी बोलावलं. "अदी, डोळे मिटा आणि दोन्ही वाट्यांतून एकेक बटण उचला." काकूंच्या हातात दोन पितळी आली. टाळ्या पडल्या. बटणं वाट्यांत परत गेली. दुसऱ्या आल्या, त्यांना एक पितळी, एक काळं. तिसरा एक कॉलेजचा मुलगा, त्याच्या हातात दोन्ही काळी. चौथ्या आजोबांच्या हातातही दोन्ही काळी.

"असं कसं?" मागून कुणीतरी विचारलं. "चारात एक असतं ना?"

बाईंना बहुधा हाच प्रश्न हवा होता. "चारात एक ही शक्यता आहे दादा, रेशनचा कोटा नाही. आजोबांच्या आधी कुणाच्या हातात काय आलं, हे वाटीला कुठं आठवतंय? पहिलं मूल आजारी जन्मलं म्हणजे पुढची तीन सुटली, असं समजून बसलेली घरं मी पाहिली आहेत."

रक्ताला लाल रंग देणारं आणि अंगभर प्राणवायू पोचवणारं हिमोग्लोबिन दोन प्रकारच्या साखळ्यांचं बनतं, अल्फा आणि बीटा. बीटा साखळी कशी करायची याची कृती आपल्याकडे दोन प्रतींत असते. एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. यातली एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागतं. तांबड्या पेशी थोड्या लहान आणि फिकट होतात इतकंच. हाच वाहक, ज्याला बोली भाषेत 'मायनर' म्हणतात. तो क्रिकेट खेळतो, दुकान चालवतो, म्हातारा होतो, आणि आपल्या रक्तात काही आहे हे त्याला आयुष्यभर कळतही नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर मात्र 'मेजर'. दोघंही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के, मायनर असण्याची ५० टक्के आणि दोन्ही प्रती चांगल्या असण्याची २५ टक्के असते. वाहकाचं लग्न वाहक नसलेल्या माणसाशी झालं तर मूल फार तर मायनर होईल, मेजर होणार नाही. बाईंनी एका वाटीतलं काळं बटण काढून तिथे पितळी टाकलं आणि म्हणाल्या, "आता हवं तितक्या वेळा उचला."

'मायनर' हा शब्द फसवा आहे हेही सांगायला हवं. ऐकणाऱ्याला वाटतं, हा आजाराचाच छोटा भाऊ, आज मायनर तर उद्या मेजर. तसं कधीच होत नाही. मायनर जन्मापासून मरेपर्यंत मायनरच राहतो.

हे सगळं उल्हासनगरातच का? दुसऱ्या महायुद्धातली कल्याणजवळची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना मिळाली आणि १९४९मध्ये तिचं नाव उल्हासनगर पडलं. इथले पत्ते अजूनही कॅम्प नंबरांनी ओळखले जातात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत बीटा थॅलेसेमियाचे वाहक देशाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त सापडतात. देशाची सरासरी शंभरात तीन ते चारच्या घरात मानली जाते. सिंधी समाजातल्या पाहण्यांत हा आकडा आठ-दहाच्याही वर गेलेला दिसतो. लग्नं समाजातच करायची पद्धत असली की वाहकाची गाठ वाहकाशी पडायची शक्यता आपोआप वाढते. यात कुणाचं पाप नाही की खाण्यापिण्याची चूक नाही. जिथे शतकानुशतकं मलेरिया होता त्या प्रदेशांत हा बदल टिकून राहिला, कारण वाहकाला मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून काहीसं संरक्षण मिळतं. सिंधू नदीच्या काठी ज्यानं पणजोबांना वाचवलं असेल, तेच आज पणतूच्या वाट्याला वेगळ्या रूपात येतं.

भाषणाच्या मध्यावर बाईंनी एका तरुणाला उभं केलं. वय २६, अंगानं किरकोळ, मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तो मेजर आहे. जन्मला तेव्हा इतर बाळांसारखाच होता, कारण पोटातल्या आणि पहिल्या काही महिन्यांच्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटा साखळी लागत नाही. सहा महिन्यांनंतर शरीर मोठ्यांच्या हिमोग्लोबिनकडे वळतं आणि इथेच घोटाळा सुरू होतो. बाळ पांढुरकं पडतं, दूध पिताना दमतं, पोट फुगतं. त्याच्या आईला सुरुवातीला दात येताहेत म्हणून सांगितलं गेलं होतं.

आता त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं, प्रत्येक वेळी दोन पिशव्या. बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. वर्षाच्या सतरा खेपा, म्हणजे ३४ पिशव्या. एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. वर्षाचं झालं पावणेसात ग्रॅमच्या आसपास. धडधाकट माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून लोह असतं तीन-चार ग्रॅम, आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय निसर्गानं शरीराला दिलेली नाही. ते यकृतात साठतं, ग्रंथींत साठतं आणि शेवटी हृदयात. म्हणून रक्ताइतकंच लोह उतरवणारं औषध महत्त्वाचं. पूर्वी त्यासाठी पोटाच्या कातडीखाली सुई टोचून छोट्या पंपानं रात्रभर औषध सोडावं लागे, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. आता गोळ्या आहेत, पण त्या रोज घ्याव्या लागतात आणि त्यांचे दुष्परिणाम पाहायला रक्ताच्या तपासण्या चालूच राहतात. मुळापासून बरं करणारा, सर्वत्र रुळलेला उपाय म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. त्याला जुळणारा दाता लागतो. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यताही पुन्हा चारात एकच. या तरुणाची बहीण जुळली नाही.

तो फार बोलला नाही. "मला दया नको," इतकं म्हणाला, "पण आईला लग्नाआधी कुणी एक टेस्ट सांगितली असती तर बरं झालं असतं." आणि खाली बसला. हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तेच योग्य होतं.

त्यानंतर टेबलावर दोन काचेच्या नळ्या आल्या. ही दाखवायची तपासणी स्वस्त, जुनी आणि डोळ्यांनी दिसणारी. मिठाचं अगदी पातळ, ०.३६ टक्क्यांचं पाणी नळीत घ्यायचं, त्यात रक्ताचा एक थेंब टाकायचा आणि अर्धा तास थांबायचं. इतक्या पातळ पाण्यात साधारण माणसाच्या तांबड्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. द्रावण पारदर्शक गुलाबी होतं. वाहकाच्या पेशी चपट्या आणि आतून कमी भरलेल्या, त्यामुळे त्यांना फुगायला जागा असते. त्यातल्या बऱ्याच फुटत नाहीत आणि द्रावण गढूळ राहतं. बाईंनी पांढऱ्या कागदावर स्केच पेननं एक काळी रेघ मारली आणि कागद नळ्यांच्या मागे धरला. एका नळीतून रेघ लख्ख दिसत होती. दुसरीतून दिसतच नव्हती. लोक खुर्च्या सोडून पुढे आले, एका आजींनी चष्मा वर-खाली करून दोनदा पाहिलं.

ही नुसती चाळणी. लोहाची कमतरता असेल तरीही रेघ दिसेनाशी होते, त्यामुळे एवढ्यावर कुणावर वाहकाचा शिक्का मारायचा नसतो. खरी तपासणी दोन पायऱ्यांची. पहिली म्हणजे नेहमीचा सीबीसी. त्यात हिमोग्लोबिनच्या आकड्यावर सगळ्यांची नजर जाते, पण पाहायचं असतं एमसीव्हीकडे, म्हणजे तांबड्या पेशीच्या सरासरी आकाराकडे. तो ८०च्या खाली असेल आणि पेशींची संख्या मात्र भरपूर असेल तर संशय घ्यायचा. दुसरी पायरी एचपीएलसी. या यंत्रात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजले जातात. त्यातला 'ए-टू' नावाचा प्रकार सर्वसाधारणपणे अडीच-तीन टक्के असतो. तो साडेतीनच्या वर, बहुधा चार ते सहाच्या दरम्यान आला तर माणूस वाहक. याच रिपोर्टात सिकल सेल किंवा हिमोग्लोबिन-ई असेल तर तेही दिसतं. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं: एक जोडीदार सिकलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा, अशा जोडीच्या मुलांनाही गंभीर आजार होऊ शकतो.

मग बाईंनी एका जोडप्याची गोष्ट सांगितली, नावगाव न घेता. ती ऐकल्यावर भाषणाचा रोख कशावर आहे हे कळलं. लग्नाआधी तपासा हे तर सगळेच सांगतात. त्यांचं म्हणणं, त्याच्याही बरंच आधी तपासा.

सिंधी घरात आधी कच्ची मिसरी होते, म्हणजे शब्द दिला जातो. मग पक्की मिसरी, म्हणजे रीतसर साखरपुडा. या मुलामुलीची पक्की मिसरी झाली, हॉल बुक झाला आणि लग्नाला पाच आठवडे उरले असताना मुलाच्या मावशीनं टेस्टचं काढलं. मुलाचा रिपोर्ट सरळ होता: हिमोग्लोबिन १२.६, तांबड्या पेशी ६१ लाख, एमसीव्ही ६२, ए-टू ५.४. वाहक. हिमोग्लोबिन थोडं कमी म्हणून त्याला शाळेपासून लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि त्यांचा काही उपयोग होत नव्हता, याचं कारणही आत्ता कळलं. छोट्या पेशी दिसल्या की लोह लिहून मोकळं व्हायची सवय किती ठिकाणी आहे, हा वेगळ्या लेखाचा विषय.

मुलीच्या रिपोर्टनं घोळ घातला. हिमोग्लोबिन ९.४, एमसीव्ही ६१, पेशी ५० लाख, ए-टू ३.४. साडेतीनच्या आत, म्हणून प्रयोगशाळेच्या छापील शेऱ्यानुसार 'नॉर्मल'. घरात पेढे वाटले गेले. बाईंना मात्र दोन गोष्टी खटकल्या. एमसीव्हीला पेशींच्या संख्येनं भागायचं एक सोपं गणित आहे, त्यात संख्या दशलक्षांत धरतात. इथे ६१ भागिले ५, म्हणजे १२.२. तेराच्या वर आलं तर कल लोहाच्या कमतरतेकडे, खाली आलं तर थॅलेसेमियाकडे. हा अंदाज आहे, निकाल नाही. दुसरं म्हणजे मुलीचं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला गेलेला होता, आणि अंगात लोह कमी असताना ए-टू खोटं खाली दिसू शकतं. म्हणजे मुलीत दोन्ही गोष्टी एकदम असतील, तर एकीनं दुसरीला झाकलं असणार.

उपाय एकच होता, लोह भरून काढायचं आणि पुन्हा मोजायचं. त्याला तीन महिने लागतात. हातात पाच आठवडे होते.

दोन्ही घरांत काय झालं असेल हे सांगायला नको. हॉलची आगाऊ रक्कम, छापलेल्या पत्रिका, दुबईहून येणाऱ्या काकांची तिकिटं. मुलीच्या वडिलांना वाटलं हे लग्न मोडायचं निमित्त आहे. मुलामुलीनं शेवटी दोघांनी मिळून लग्न पुढं ढकललं. तीन महिन्यांनी मुलीचं हिमोग्लोबिन १०.८ झालं, पण एमसीव्ही ६४वरच अडकलं आणि ए-टू आलं ४.१. तीही वाहक.

त्यांनी लग्न केलं. इथे हॉलमध्ये जरा चुळबुळ झाली, कारण अनेकांना वाटलं होतं की दोघं वाहक निघाली म्हणजे गोष्ट संपली. "दोघांनाही माहीत असणं आणि कुणालाच माहीत नसणं, यात फरक आहे की नाही?" बाईंनी विचारलं. लग्नानंतर लगेच दोघांच्या रक्तातून नेमका बिघाड कुठला हे शोधलं गेलं. सिंधी समाजात जनुकाचा एक तुकडाच गायब असण्याचा प्रकार बराच आढळतो. मुलात तोच निघाला, मुलीत दुसरा. हे आधी कळलेलं असलं की गर्भाची तपासणी सोपी होते. दिवस राहिल्यावर बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा अगदी छोटा नमुना सुईनं काढतात आणि तेच दोन बिघाड त्यात शोधतात. यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो आधी समजावून द्यावा लागतो. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत, म्हणजे आयसीएमआरच्या एनआयआयएचमध्ये, हे निदान कित्येक वर्षं होत आलं आहे. गर्भ मेजर निघाला तर पुढे काय करायचं हा निर्णय त्या जोडप्याचा, आणि कायद्यानं त्याला वाट ठेवलेली आहे. या जोडप्याचं पहिलं मूल मायनर निघालं. दुसऱ्याच्या वेळी त्यांना पुन्हा तपासावं लागेल, कारण वाटीला आठवण नसते.

प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न आला तो अर्थातच मुलीच्या बापाचा. "मॅडम, मुलगी मायनर आहे असं बाहेर कळलं तर तिला स्थळ कोण देईल?"

बाईंनी हा प्रश्न उडवून लावला नाही. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावात १९७०च्या दशकात सिकलच्या वाहकांची गावभर तपासणी झाली होती. कोण वाहक हे कळल्यावर लोक त्यांच्याकडे संशयानं पाहू लागले. काहींनी लग्न जमवताना ते लपवलं, आणि ज्या जोड्या टळायला हव्या होत्या त्यातल्या काही तशाच जमल्या. तपासणी झाली, पण ती पचवायला लागणारी समज दिली गेली नव्हती. याउलट सायप्रस. तिथे सातात एक माणूस वाहक. १९८३पासून तिथल्या चर्चनं लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. दाखला फक्त तपासणी झाल्याचा, त्यावरून लग्न अडवायचं नाही. दोघं वाहक निघूनही बहुतेक जोडप्यांनी लग्नं केली, गर्भतपासणीची मदत घेतली आणि मेजर बाळांचा जन्म जवळजवळ थांबला.

भारतात असा दाखला सक्तीचा नाही. म्हणून बाईंचं सांगणं साधं होतं. टेस्ट अठरा-एकोणीसच्या वयात, कॉलेजमध्ये असतानाच करा, बायोडाटा छापायच्या आधी. मुलाची आधी करा. तो वाहक नसेल तर या आजारापुरता मुलीच्या रिपोर्टचा प्रश्नच उरत नाही. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात द्या, सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. आणि गर्भवती बाई तपासणी न करता आलीच, तर पहिल्याच भेटीत तिची करा, ती वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याची.

"आमच्या सात पिढ्यांत कुणाला नाही," एक गृहस्थ म्हणाले. बाई हसल्या. "सात पिढ्यांत मेजर कुणी नसेल. मायनर किती होते ते कुणी मोजलं?"

कार्यक्रम संपला तेव्हा बाजूच्या खोलीत रक्त घ्यायला दोन टेबलं लावली होती. जांभळ्या झाकणाच्या छोट्या नळ्या, प्रत्येकीवर नंबर. रांगेत मुलं कमी, आया जास्त होत्या, आणि त्यांना मुलांना घेऊन या म्हणून परत पाठवलं जात होतं. पन्नाशी उलटलेल्या एक बाई मात्र हटेनात. काखेत जाडजूड फाइल, आत प्लास्टिकच्या पाकिटांत बायोडाटा. या इथल्या स्थळं जमवणाऱ्या. आधी त्यांनी विचारलं की फॉर्मवर 'थॅलेसेमिया: नाही' असा रकाना वाढवू का. डॉक्टर बाई म्हणाल्या, "नको. 'टेस्ट केली आहे का, तारीख' एवढंच ठेवा. बाकीचं दोन घरं पहिल्या भेटीत बोलतील."

फाइल टेबलावर ठेवून त्यांनी पदर सावरला आणि दंड पुढे केला. या वयात कशाला, असं तंत्रज्ञ मुलीनं विचारलं.

"माझ्यात निघालं तर भावात असू शकतं ना?" त्या म्हणाल्या. "त्याचे तीन मुलगे बाकी आहेत."

सुई निघाली, कापसाचा बोळा दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं त्यांनी पिंपरीच्या भावाला फोन लावला.